भांडं, नॉब आणि बूड : मिक्सरची नेमकी ओळख

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या वस्तूंच्या बाजारात, एक संवाद रोज कुठे ना कुठे ऐकू येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मिक्सरचं चटणीचं भांडं पाहिजे." दुकानदार विचारतो, "कंपनी कुठली?" कंपनीचं नाव पटकन सांगता येतं. मग पुढचा प्रश्न येतो, "मॉडेल?" इथे गाडी अडते. पांढरा आहे, निळी पट्टी आहे, आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलाय, तीन भांडी होती, एवढंच उत्तर मिळतं. दुकानदार अंदाजाने एक भांडं काढून देतो आणि वर सांगतो, "बसलं नाही तर परत आणा. पाणी मात्र लावू नका."

बऱ्याचदा ते बसत नाही. कधी बसतं, पण आठवडाभरात रबर जळाल्याचा वास येऊ लागतो आणि ओट्यावर काळी भुकटी पडते. यात दुकानदाराची लबाडी असतेच असं नाही. कंपनीचं नाव आणि दर्शनी भागावर छापलेलं गोंडस नाव, या दोन गोष्टींवरून मिक्सरची ओळख पुरी होत नाही, हे खरं कारण आहे. एकाच नावाखाली ५०० वॅटचा आणि ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा आणि ज्यूसरच्या भांड्यासह चार भांड्यांचा, जुन्या साच्यातला आणि नव्या साच्यातला असे वेगवेगळे प्रकार विकले जातात. बाहेरून ते सारखेच दिसतात. फरक असतो तो भांड्याच्या बैठकीत, मोटरच्या लांबीत आणि कपलरच्या दातांत.

काही कंपन्यांचे क्रमांक नीट पाहिले तर हा प्रकार समजतो. पॅनासॉनिकच्या MX-AC300 आणि MX-AC400 या मिक्सरांमधला मुख्य फरक भांड्यांच्या संख्येचा आहे. पहिल्याबरोबर तीन भांडी येतात, दुसऱ्याबरोबर चार. फिलिप्सच्या HL7756/00 या क्रमांकात तिरक्या रेघेनंतरचे आकडे त्याच मॉडेलची आवृत्ती सांगतात, म्हणून सुटा भाग मागवताना ते गाळून चालत नाही. चेन्नईच्या प्रीती कंपनीचा ईको प्लस अमेरिकेतल्या भारतीय घरांसाठी ११० व्होल्टवर चालणाऱ्या मोटरसह विकला गेला. न्यू जर्सीतून परतलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने तसा मिक्सर आणून इथल्या २३० व्होल्टच्या खोबणीत लावला, तर मोटर काही क्षणांत जळू शकते. वरून पाहणाऱ्याला मात्र हा फरक कळणार नाही.

मग पुसट झालेल्या, बिल हरवलेल्या, खोकं रद्दीत गेलेल्या मिक्सरची ओळख पटवायची कशी? अनुभवी कारागीर एका साध्या तत्त्वावर चालतात. मिक्सरचा जो भाग सहज बदलता येतो, त्याची साक्ष कच्ची. जो बदलणं अवघड, त्याची साक्ष पक्की. भांडी बदललेली असतात, नॉब बदललेला असू शकतो. मोटरचं घर, म्हणजे खालचा संपूर्ण डबा, सहसा बदललेला नसतो. म्हणून तपास बुडापासून सुरू होतो.

बूड उलटं करून

आधी प्लग काढायचा. मग मिक्सर जाड फडक्यावर उलटा ठेवून बूड कोरड्या कापडाने पुसायचं. ओल्या कापडाने किंवा स्पिरिटने घासलं तर चिटकपट्टीवरची उरलीसुरली शाईही निघून जाते. या पट्टीवर मॉडेलचा क्रमांक, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, वॅट, बनवल्याचा महिना आणि वर्ष असा मजकूर असतो. त्यातच मोटर किती वेळ चालवायची तेही लिहिलेलं असतं. पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असे फेरे मिळून तीस मिनिटं, हा भारतीय मिक्सरवर नेहमी दिसणारा हिशेब आहे.

हा हिशेब भारतीय स्वयंपाकघरातून आला. आपल्याकडे मिक्सरला हळकुंडं, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ असं कठीण आणि चिवट सगळंच वाटावं लागतं. साठच्या दशकात माधुरी माथुर यांच्या घरचा ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर अशाच कामाने जळाला आणि तो भारतात दुरुस्त होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता होते. त्यांनी इथल्या वाटणाला पुरेल अशा मोटरचा मिक्सर बनवला. तोच पुढे सुमीत या नावाने घरोघरी पोचला. तेव्हापासून ताकदवान मोटर आणि स्टीलची जाड भांडी हीच भारतीय मिक्सरची ओळख राहिली.

पट्टी अर्धवट वाचता येत असेल तर सर्वांत आधी आयएसआय चिन्ह शोधावं. घरगुती मिक्सरसाठी भारतीय मानक आहे आयएस ४२५०. चिन्हाजवळ CM/L या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कोणत्या उत्पादकाला, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या वस्तूसाठी दिला आहे ते कळतं. मॉडेल यातून कळत नाही, पण कारखाना कळतो. मिक्सरवरचं नाव एका कंपनीचं आणि बनवणारा कारखाना दुसऱ्याचा, असंही असतं. अशा वेळी दुकानात सुटा भाग शोधताना कारखान्याचं नाव फार उपयोगी पडतं.

पट्टी पूर्ण गेली असेल तर प्लॅस्टिककडे वळायचं. साच्यातून काढलेल्या भागांच्या आतल्या बाजूला, बुडाच्या झाकणावर किंवा भांड्याच्या झाकणाखाली अनेकदा एक छोटी गोल तबकडी उमटलेली असते. तिच्या कडेला बारा महिने असतात, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि एक बाण. बाण ज्या महिन्याकडे असेल, त्या महिन्यात तो भाग ओतलेला. ही तारीख त्या एका भागाची असते, संपूर्ण मिक्सरची नव्हे. एखाद्या कारखान्यात बाण वेळेवर फिरवायचा राहूनही जातो. तरीही एकाच मिक्सरच्या तीन-चार भागांवर जवळपासच्या तारखा सापडल्या तर मिक्सर कोणत्या काळातला हे खात्रीने सांगता येतं. त्यातला एकच भाग दोन-तीन वर्षं वेगळा निघाला, तर तो मागाहून बसवला आहे असं समजावं.

त्यानंतर बुडाची रचना पाहायची. हवेच्या जाळीच्या फटी आडव्या की उभ्या, किती आणि कुठे? पाय साध्या रबराचे की ओट्याला चिकटून बसणारे? स्क्रू किती आणि कुठल्या जागी? जास्त भार आल्यावर मोटर बंद करणारं ओव्हरलोडचं बटण बुडाखाली की मागच्या बाजूला? वायर गुंडाळायची खाच आहे की नाही? कंपनीच्या माहितीपत्रकातलं किंवा विक्रीच्या जाहिरातीतलं बुडाचं चित्र शोधलं की या खुणांवरून जुनी आणि नवी आवृत्ती चटकन वेगळी काढता येते. रंग आणि पट्ट्या मात्र दर हंगामात बदलतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

वॅट ओळखायला वजन मदत करतं. एकाच डब्यात ५०० वॅटची आणि ७५० वॅटची मोटर बसवलेली असेल, तर मोठ्या मोटरमध्ये लोखंडी पत्र्यांची चळत उंच असते आणि तारही अधिक असते. भांडी काढून नुसता डबा काट्यावर ठेवला तर फरक जाणवतो. माहितीपत्रकातलं वजन भांड्यांसकट दिलं आहे का, एवढं आधी पाहून घ्यावं. विजेच्या मीटरवरून वॅट मोजायचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. रिकामा मिक्सर त्याच्या छापील वॅटपेक्षा बरीच कमी वीज घेतो. तो आकडा भाराखालचा असतो.

कपलर आणि लॉक

डबा सरळ करून वरून पाहिलं की मध्ये मोटरचा कपलर दिसतो. रबराचं किंवा नायलॉनचं दातेरी चाक म्हणजेच कपलर. भांड्याच्या बुडाखाली त्याचा जोडीदार असतो. या दोघांचे दात एकमेकांत अडकले की मोटरची ताकद ब्लेडपर्यंत पोचते. दात किती, त्यांची उंची किती आणि कपलरचा बाहेरचा व्यास किती मिलिमीटर, ही तीन मापं शालेय पट्टीनेही घेता येतात.

कपलर अधूनमधून झिजतो आणि बदलला जातो, म्हणून तो एकटा पुरावा पुरत नाही. त्याच्याभोवतीची भांड्याची बैठक मात्र डब्याचाच भाग असते. भांडं फिरवून अडकवायच्या खाचा तीन की चार? त्या सारख्या अंतरावर की एक जरा सरकलेली? भांडं नुसतं वरून बसतं की वळवून लॉक होतं? काही मिक्सरांत बैठकीच्या कडेला एक छोटी पिन असते. भांड्याचा लॉक तिला दाबतो, आतला स्विच जुळतो आणि मगच मोटर सुरू होते. अशा मिक्सरला बिनपिनच्या आवृत्तीचं भांडं घट्ट बसलं तरी तो चालूच होत नाही. मालकाला वाटतं मोटर गेली आणि दुरुस्तीवर उगाच खर्च होतो.

मोटर कोणत्या दिशेला फिरते, हेही याच टप्प्यात पाहून घ्यावं. सगळ्या मिक्सरांची दिशा एक नसते. भांड्यातल्या ब्लेडची धार ज्या कडेला असेल, ती कड पुढे ठेवून ब्लेड फिरायला हवं. कपलरचे आटेही दिशा पाहून पाडलेले असतात, म्हणजे भार आल्यावर कपलर अधिक घट्ट बसतो. त्यामुळे कपलर सोडवताना मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला तो फिरवावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून उलटाच फिरवतो आणि दात मोडून घेतो. उलट दिशेच्या मिक्सरचं भांडं बसवलं तर ब्लेड पाठमोरं फिरतं. मसाला वाटला जाण्याऐवजी नुसता उडत राहतो आणि ब्लेडचे आटे सैल होऊ लागतात.

भांडं काय सांगतं

भांडं हा घरच्यांच्या सर्वांत ओळखीचा आणि तपासात सर्वांत कमी भरवशाचा भाग. चटणीचं भांडं फुटलं की दुसरं येतं, मोठ्या भांड्याचं हँडल तुटलं की जवळपास जुळणारं हँडल स्क्रूने बसवलं जातं, झाकण तर शेजारणीकडचंही चालतं. म्हणूनच भांड्याचे भाग वेगवेगळे पाहिले पाहिजेत.

स्टीलच्या अंगाचा आकार, म्हणजे सरळसोट, खाली निमुळतं की मध्ये फुगीर, हे मॉडेलच्या कुटुंबाकडे बोट दाखवतं. अंगावर आत दबलेल्या उभ्या पन्हळ्या असतात. वाटण गोल फिरत न राहता मध्ये ब्लेडवर परत पडावं, म्हणून त्या काढलेल्या असतात. त्यांची संख्या आणि लांबी साच्यागणिक वेगळी असते. तोंडाचा व्यास मोजला की झाकणाच्या रबरी रिंगचं माप मिळतं. आकारमान पाण्याने मोजावं. मात्र माहितीपत्रकात कधी काठोकाठ भरलेलं माप देतात, कधी प्रत्यक्ष वाटता येईल तेवढंच देतात. म्हणून शंभर-दोनशे मिलिलिटरच्या फरकाने भांडं वेगळं आहे असं ठरवू नये.

खरी माहिती भांड्याच्या बुडाशी असते. भांडं उलटं केलं की लॉकच्या पट्ट्या, कपलर आणि त्याच्या आतला बुश दिसतो. हा बूडभाग त्या मिक्सरच्या बैठकीसाठीच घडवलेला असतो. कंपनीने दिलेल्या मूळ भांड्यावर इथे नाव, भाग क्रमांक किंवा साच्याची तबकडी उमटलेली असते. बाजारात 'सगळ्यांना चालेल' म्हणून मिळणाऱ्या भांड्यावर बहुधा नुसता कागदी लेबल असतो. घरात तीन भांडी असतील तर तिन्ही उलटी करून शेजारी मांडावीत. दोन सारखी आणि एक वेगळं निघालं तर वेगळं भांडं मागाहून आलेलं, एवढं नक्की.

भांडं बैठकीत नीट बसतं की नाही, याची चाचणी घरच्या घरी होते. प्लग काढलेला असताना मोटरच्या कपलरच्या दातांना कालवलेल्या हळदीचा पातळ हात लावायचा, भांडं बसवून लॉक करायचं आणि सरळ उचलायचं. भांड्याच्या कपलरवर हळदीचा ठसा दातांच्या जवळजवळ पूर्ण उंचीवर उमटला तर जोडी बरोबर. नुसत्या टोकांना पिवळा रंग लागला तर भांडं उंच बसतंय. मोटर सेकंदाला शेकडो वेळा फिरते, तेव्हा टोकावर टेकलेले दात थोड्याच दिवसांत झिजतात. काळी भुकटी तिथूनच येते.

नॉब आणि त्याभोवतीची छपाई

नॉबची साक्ष मधल्या दर्जाची. नॉब स्वतः पन्नास रुपयांच्या आसपासचा बदलता भाग, पण त्याभोवती डब्यावर छापलेले किंवा कोरलेले आकडे बदलत नाहीत. म्हणून नॉब ओढून काढावा आणि डब्याकडे पाहावं. शून्य कुठे आहे, वर मध्यभागी की डाव्या टोकाला? एक-दोन-तीन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतात की उलट? पल्स, म्हणजे हात सोडला की आपोआप शून्यावर येणारा झटका, शून्याच्या डावीकडे की तीनच्या पुढे? शेजारी दिव्याचं छिद्र आहे का?

या मांडणीमागे आतला स्विच असतो. तीन वेगांसाठी मोटरच्या फील्डच्या गुंडाळीतून तीन ठिकाणी तारा बाहेर काढलेल्या असतात. पहिल्या वेगाला वीज जास्त वेढ्यांतून जाते आणि मोटर हळू फिरते, तिसऱ्याला कमी वेढ्यांतून जाते आणि वेग वाढतो. कुठल्या क्रमाने कोणती तार जुळते, हे स्विच ठरवतो. म्हणून छपाईचा क्रम वेगळा असेल तर बहुधा स्विचही वेगळा असतो. जुन्या मिक्सरात गोल नॉबऐवजी दाबायच्या बटणांची रांग असायची. तिथे बटणांची संख्या आणि त्यांतलं कोणतं दाबून धरावं लागतं, हे पाहावं.

छपाई आणि नॉब जुळत नसतील, म्हणजे नॉबचा बाण शून्यावर असताना मोटर चालू राहत असेल, तर नॉब किंवा स्विच कोणीतरी बदलला आहे. नॉबच्या मागच्या भोकाला एक बाजू सपाट असते, तशीच स्विचच्या दांड्यालाही. ही सपाट बाजू वेगळ्या कोनात असलेला नॉब बसतो, पण बाण चुकीच्या जागी दाखवतो. असा मिक्सर वापरणं धोक्याचं आहे, कारण बंद समजून कोणी भांड्यात हात घालू शकतं.

एक उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

हा तपास प्रत्यक्षात कसा चालतो, हे पाहण्यासाठी साताऱ्यातल्या एका घरातला मिक्सर धरू. चटणीचं भांडं फुटलंय. बुडावरच्या पट्टीवर मॉडेलचे पहिले चार आकडे आणि ५०० वॅट एवढं वाचता येतं. त्या माहितीवर घरच्यांनी नवीन भांडं मागवलं. ते आलं, पण वळवल्यावर लॉक होत नाही. पट्टी तर साफ ५०० वॅट सांगतेय, मग भांडं का बसत नाही?

कारागीर मिक्सर उलटा करतो आणि आधी रंग पाहतो. डबा पिवळसर पडलेला, बुडाचं झाकण मात्र पांढरं. चार स्क्रूंपैकी एक वेगळ्या डोक्याचा. स्क्रू काढून झाकणाच्या आतली तबकडी पाहिली तर २०१४, आणि डब्याच्या आतल्या तबकडीवर २०१७. इथे गाठ सापडते. कधीतरी बुडाचं झाकण तडकलं असणार आणि दुरुस्तीत त्याच कंपनीच्या एका जुन्या भंगार मिक्सरचं झाकण बसवलं असणार. पट्टी त्या झाकणावर होती. म्हणजे घरच्यांनी वाचलेला क्रमांक दुसऱ्याच मिक्सरचा होता.

आता पट्टी बाजूला ठेवून बाकीचे साक्षीदार बोलवायचे. बैठकीत लॉकच्या खाचा चार आहेत, मागवलेल्या भांड्याला मात्र तीनच पट्ट्या. घरातली दोन मोठी भांडी उलटी केली तर दोन्हींना चार पट्ट्या, बुशजवळ कंपनीचं नाव उमटलेलं आणि झाकणांवर तारीख २०१७ ची. ही भांडी मूळचीच. नॉब काढून पाहिला तर पल्स शून्याच्या डावीकडे आणि उजवीकडे एक-दोन-तीन. कंपनीच्या माहितीपत्रकांतली चित्रं शेजारी ठेवली तर ५०० वॅटच्या जुन्या आवृत्तीत पल्स तीनच्या पुढे आहे आणि ७५० वॅटच्या नंतरच्या आवृत्तीत डावीकडे. भांड्यांशिवायचं वजनही ७५० वॅटच्या जवळ जातं.

तारीख, खाचा, भांड्यांची बुडं, छपाई आणि वजन, सगळ्यांचा कौल एकाच बाजूला पडला. मिक्सर ७५० वॅटचा, चार खाचांच्या आवृत्तीतला. कारागीर कपलरचा फोटो पट्टीसह काढून कंपनीच्या सेवा केंद्राला पाठवतो आणि भाग क्रमांक पक्का करून घेतो. नवीन भांडं आलं की आधी हळदीचा ठसा, मग रिकाम्या भांड्यात एक झटका, आणि शेवटी अर्धं भांडं पाणी घालून पहिल्या वेगावर फिरवणं. खाली थेंबही गळला नाही की काम पुरं झालं.

या उदाहरणातून एक नियम निघतो. कुठलाही एक पुरावा, अगदी छापील पट्टीसुद्धा, एकट्याने पुरेसा मानू नये. एकमेकांपासून स्वतंत्र असे निदान तीन पुरावे जुळावे लागतात आणि त्यांतला एक तरी डब्याचा, म्हणजे बैठकीचा किंवा छपाईचा असायला हवा.

ओळख चुकली तर

भांडं बसलं, फिरलं, म्हणजे ते बरोबर असा समज आहे. चुकीच्या जोडीची लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. काळी भुकटी आणि रबराचा वास म्हणजे कपलर अर्धवट अडकतोय. नेहमीपेक्षा कर्कश आवाज आणि डब्याची थरथर म्हणजे भांड्याचा आस मोटरच्या आसाशी सरळ रेषेत नाही. अशा स्थितीत मोटरच्या बेअरिंगवर आडवा ताण येतो. सर्वांत महागात पडते ती गळती. कलत्या बसलेल्या भांड्याचा बुश लवकर झिजतो, ओलं वाटण कपलरवरून खाली झिरपतं आणि आर्मेचरपर्यंत पोचतं. तीन-चारशे रुपयांच्या भांड्यापायी मग मोटर बांधून घ्यायची वेळ येते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. मोटर पूर्वी दुसऱ्यांदा बांधून घेतली असेल, तर डबा एका वॅटचा आणि आतली मोटर दुसऱ्या वॅटची असू शकते. बाहेरून ते कळत नाही. अशा मिक्सरसाठी भांडं आणि कपलर डब्याप्रमाणे घ्यावं, पण कार्बन, फील्ड आणि ओव्हरलोडचं बटण मोटर उघडून, प्रत्यक्ष मापानेच घ्यावं. कार्बनची लांबी झिजून कमी झालेली असते, म्हणून त्याची रुंदी आणि जाडी मोजावी. कंपनीने एखादी आवृत्ती बंद केली असेल तर ओळख बिनचूक पटूनही मूळ भाग मिळत नाही. त्या वेळी जुळणारा भाग घेताना बैठकीच्या खाचा आणि कपलरची उंची या दोन मापांत तडजोड करू नये. आकार, रंग, हँडल यांत केली तर चालते.

सुटा भाग दुकानात किंवा फोनवरून मागवताना पाच फोटो पुरतात : बुडावरची पट्टी, बैठक वरून, उलटं केलेलं मूळ भांडं, नॉब काढलेला दर्शनी भाग आणि बुडाची संपूर्ण बाजू. बैठकीच्या आणि भांड्याच्या फोटोत मोजपट्टी शेजारी ठेवलेली असावी. मिक्सर नवा आणि चालू असतानाच, पट्टीवरची शाई शाबूत आहे तोवर, हे पाच फोटो काढून ठेवावेत आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक, तिरक्या रेघेनंतरच्या आकड्यांसकट, बिलाच्या पाठीवर लिहून ठेवावा. घरात मिक्सर असलेल्या प्रत्येकाने हे काम आजच्या वाटणाआधी उरकून घ्यावं.